धागा : तीन जुने पीएफ, एक झोपलेलं बँक खातं आणि पगारातून कापलेली पॉलिसी. आधी कशाला हात घालावा?

खानापूरकर

माझ्या दाजींची कागदं घेऊन बसलोय. वय 47. चार नोकऱ्या झाल्या, आणि पीएफ चारी ठिकाणी कापला गेलाय.

पहिली कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फाउंड्रीत, जून 2005 ते ऑगस्ट 2009. ती कंपनी आता बंद आहे. दुसरी गोव्यात वेर्ण्याला, मार्च 2010 ते फेब्रुवारी 2013. तिसरी बेळगावात उद्यमबागेत, जुलै 2015 ते डिसेंबर 2017. चौथी जानेवारी 2024 पासून चालू, मच्छेला. यूएएन 2015 मध्ये मिळाला, तोच आताही चालतो. आधीच्या दोन ठिकाणच्या फक्त पीएफच्या वार्षिक स्लिपा आहेत, त्याही घडीवर फाटलेल्या.

आधार, पॅन आणि यूएएनवर नाव `Maruthi Yallappa Patil`. कोल्हापूरच्या स्लिपेवर `PATIL MARUTI Y`. आधारवर जन्मतारीख 1-1-1979, शाळेच्या दाखल्यावर 1-6-1979, आणि कोल्हापूरला दाखल्याचीच लागलीय.

शिवाय खानापुरात जुन्या सिंडिकेट बँकेचं पासबुक (शेवटची एंट्री 2018), एका सोसायटीचं पिग्मी बुक, आणि फाउंड्रीत असताना पगारातून हप्ता जाणारी एलआयसीची पॉलिसी. सगळं एका जागी आणायचंय. सुरुवात कुठून करू?

टिळकवाडी_४४

सोपं आहे की. जुने सगळे पीएफ काढून घ्या आणि एक एफडी करून टाका. तीन वर्षं पैसे भरले नाहीत की पीएफवर व्याज बंद होतं, मग ते तिथं पडून कुजतात. आणि आधी आधारवरचं नाव `Maruti` करून घ्या, म्हणजे जुन्या स्लिपांशी जुळेल.

हिशोबनीस

टिळकवाडीकर, दोन्ही सल्ले उलटे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन वर्षांनी व्याज बंद, हा नियम काही वर्षं होता. 2016 मध्ये तो बदलला. आता नोकरी सोडलेल्या माणसाच्या खात्यावर तो 58 चा होईपर्यंत व्याज जमा होतं. त्यामुळे दाजींच्या पैशाला आग लागलेली नाही, घाईने काढायचं कारण नाही.

काढण्यात खरं नुकसान पेन्शनचं आहे. पीएफमध्ये दोन डबे असतात. एकात पैसे साठतात, दुसऱ्यात नोकरीची वर्षं साठतात. पहिला रिकामा केला तर नुसते पैसे जातात. फॉर्म 10 सी भरून दुसराही रिकामा केला तर वर्षं पुसली जातात, ती पुन्हा मिळत नाहीत. दाजींच्या पहिल्या तीन नोकऱ्यांचे महिने मोजा : 51, 36 आणि 30, म्हणजे 117 महिने, पावणेदहा वर्षं. शेवटचे सहा महिने किंवा जास्त असले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे पेन्शनला लागणारी दहा वर्षं फक्त जुन्या नोकऱ्यांवरच भरतात. ही वर्षं काढून घेतली तर जवळपास एका वर्षाला एका महिन्याचा पगार, तोही त्या काळच्या मर्यादेतला, एवढंच हातात येतं.

आता आधार. ते खुंटी आहे, त्याला हलवू नका. पॅन, यूएएन आणि बँक सगळे त्याच स्पेलिंगवर आहेत. एका जुन्या स्लिपेसाठी आधार बदललंत तर चार ठिकाणी नवीन भांडण सुरू होईल. शिवाय आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. तो डाव राखून ठेवा.

टिळकवाडी_४४

व्याजाचं मान्य. खरं पेन्शन म्हणजे किती मिळणार हो? 15000 गुणिले वर्षं भागिले 70. जुनी पावणेदहा वर्षं धरली तर दोन हजार नव्वद रुपये. एवढ्यासाठी कोल्हापूर, गोवा फिरायचं?

हिशोबनीस

सूत्र बरोबर, खरं 15000 सगळ्या वर्षांना लागत नाही. पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 15000 झाली. त्याआधीच्या नोकरीला 6500 ची मर्यादा धरतात. कोल्हापूर आणि गोवा मिळून सव्वासात वर्षं आधीची, त्याचे होतात साधारण 670 रुपये. उद्यमबागेची अडीच वर्षं नंतरची, त्याचे 535. एकूण महिना बाराशेच्या आसपास, तेही शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पगार मर्यादेला पोचला तर.

तुमच्या आकड्यापेक्षा कमी आहेत हे कबूल. पण हे 58 पासून जन्मभर, आणि मागे विधवा पेन्शन. फिरायचं की नाही ते दाजींनी ठरवावं. मी फिरलो असतो.

खानापूरकर

दाजी म्हणतात फिरू. क्रम सांगा.

हिशोबनीस

सोप्याकडून अवघडाकडे जा. उद्यमबागेचं खातं त्याच यूएएनखाली आहे. मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडा. तिथं डिसेंबर 2017 ची सोडल्याची तारीख लागलीय का बघा. बऱ्याच मालकांनी ती कधी टाकलेलीच नसते, आणि ती नसेल तर ट्रान्सफर पुढे सरकत नाही. जागा कोरी असेल तर `Manage` मध्ये `Mark Exit` आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख टाकताना एकच काळजी : पासबुकात शेवटची रक्कम ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली तारीख टाका. लोक अंदाजाने पुढची टाकतात, मग ती पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढते आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारखं दिसतं. एकदा टाकलेली तारीख स्वतःहून मागे घेता येत नाही, म्हणून पासबुक शेजारी उघडं ठेवूनच बसा.

मग `Online Services` मध्ये `One Member – One EPF Account (Transfer Request)`. तिथं वरती चालू नोकरी दिसेल. खाली जुना मेंबर आयडी टाकून `Get Details`. पुढे दाखला चालू मालकाकडून घ्यायचा की जुन्याकडून ते विचारलं तर चालू मालक निवडा. मच्छेच्या कंपनीतला एचआरवाला समोर बसलेला असतो, जुन्याला शोधत कोण फिरणार? नोकरी बदलताना ही ट्रान्सफर आपोआप झाली असण्याचीही शक्यता आहे, म्हणून आधी पासबुक बघा.

कोल्हापूर आणि गोवा यूएएनच्या आधीचे. तिथं `Get Details` दाबल्यावर नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव जुळलं तर रस्ता मोकळा. कोल्हापूरचं जुळणार नाही, हे आत्ताच दिसतंय.

निपाणी_सुनंदा

मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्या आईचंही असंच आहे. ती विड्या वळायची. दोन कारखान्यांचे दोन पीएफ नंबर आहेत, एकावर माहेरचं नाव, एकावर सासरचं. आईचं वय 61. तिचे पण एकत्र करायचे म्हटलं तर कुठलं बटण?

हिशोबनीस

सुनंदाताई, आईंच्या बाबतीत बटणच नाही. 58 झाल्यावर पेन्शनची वर्षं साठणं थांबतं. आता प्रश्न मिळवण्याचा आहे. दोन्ही नंबरांची वर्षं मिळून दहा भरत असतील तर फॉर्म 10 डी, पेन्शनचा. नसतील तर 10 सी. साठलेल्या रकमेसाठी 19 वेगळा. खरं दोन नावं एकाच बाईची आहेत हे आधी सिद्ध करावं लागेल, म्हणजे लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, आणि शक्य असेल तर दोन्ही कारखान्यांच्या रजिस्टरचा उतारा. विड्यांच्या कामात वर्षात किती दिवस काम भरलंय यावर नोकरीची वर्षं कमी-जास्त होतात. ते कागद न बघता मी दहा भरतात असं म्हणणार नाही.

दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाले जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ भरवतात. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आईंना घेऊन तिथं जा, दोन्ही नंबर एका कागदावर लिहून न्या.

निपाणी_सुनंदा

लग्नाचा दाखला त्या काळात कुठला ओ. प्रतिज्ञापत्र करते. रजिस्टरचं बघावं लागेल, एक कारखानदार आता नाही.

हिशोबनीस

कारखाना बंद असला तरी त्याने भरलेले फॉर्म पीएफ ऑफिसात असायला हवेत. नंबर आहे ना, मग शोधता येतं.

आता कोल्हापूर. नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन लागतं, म्हणजे सभासद आणि मालक दोघांच्या सहीचा अर्ज. मालक नसेल, कंपनी बंद असेल, तर मालकाच्या जागी राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर, गावचा सरपंच अशांपैकी कोणाची सही-शिक्का चालतो. आपल्याकडे ग्रामपंचायत अध्यक्ष. मी राजपत्रित अधिकारीच सुचवीन, कारण टेबलावरचा माणूस त्यावर कमी प्रश्न विचारतो.

अर्ज जायचा तो ज्या ऑफिसात खातं आहे तिथं. दाजी खानापुरात राहतात म्हणून बेळगावात दिला तर नुसता फिरत राहील. कोल्हापूरचं खातं, कोल्हापूरचं ऑफिस. सोबत आधार आणि पॅनची प्रत, आणि नोकरी तिथंच केली याचा पुरावा : नेमणूकपत्र, पगाराची पावती, जुनी ईएसआयची चिठ्ठी, त्या काळच्या पगार खात्याचं पासबुक. यातलं काहीही एक नाही, दोन तरी जोडा. फक्त पीएफची स्लिप पुरेशी नसते, कारण तीच तर दुरुस्त करायची आहे.

जत्तीमठ_गल्ली

`Maruti` आणि `Maruthi` मध्ये एका `h` चा फरक. त्यासाठी एवढं रामायण? आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या नावात हेच आहे. `Savita` - `Savitha`, `Lata` - `Latha`. महाराष्ट्रात नोंद झाली की `t`, कर्नाटकात झाली की `th`.

हिशोबनीस

नुसत्या `h` साठी फारसं कोणी अडवत नाही, एक-दोन अक्षरांचा फरक किरकोळ दुरुस्तीत बसतो. अडतं ते आडनाव पुढे-मागे झालं, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर राहिलं आणि जन्मतारीखही वेगळी निघाली की. तिन्ही मिळून समोरच्याला वाटतं माणूसच दुसरा. म्हणून तिन्ही दुरुस्त्या एकाच अर्जात मागा. एक सुधारली, मग दुसरी आठवली, असं करू नका.

जत्तीमठ_गल्ली

जन्मतारखेचं मला पटत नाही. खरी तारीख दाखल्यावरची, 1 जून. पीएफ चुकीच्या आधारला जुळवायचा का? उद्या एलआयसीत 1 जून, पीएफमध्ये 1 जानेवारी. दाखला लावून आधीच आधार दुरुस्त केलेलं बरं नाही का? तारखेचा एक डाव आहेच की.

हिशोबनीस

मुद्दा आहे. मी म्हणतो राहू दे, कारण पॅन, बँक, यूएएन सगळे 1 जानेवारीवर आहेत आणि पाच महिन्यांनी पेन्शन लवकरच सुरू होते. तुम्ही म्हणता खरं ते करावं. दोन्ही रस्ते चालतात. खरं आधार बदलायचं असेल तर ते सगळ्यांत आधी, मग पॅन, मग यूएएन, मग जुने पीएफ. अधेमध्ये बदललं तर झालेलं काम परत करावं लागेल.

चिकोडी_कॅशियर

बँकेचं मी सांगतो. दोन वर्षं स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. त्या दोन वर्षांत आलेलं व्याज किंवा बँकेने कापलेला चार्ज व्यवहार धरत नाहीत. चालू करायला पैसे लागत नाहीत, आणि एप्रिल 2024 पासून निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. आधार-पॅन घेऊन जायचं, केवायसी फॉर्म भरायचा, मग शंभर रुपये भरून एक व्यवहार करायचा. खानापूरच्याच शाखेत जायला पाहिजे असंही नाही, त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत होतं.

पण इथं एक खड्डा आहे. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरात गेली. खाते नंबर तोच राहिला, आयएफएससी बदलला. पासबुकावर `SYNB0001234` असा कोड असेल तर आता तो `CNRB0011234` झाला, म्हणजे पुढची अक्षरं बदलली आणि आकड्यांत दहा हजार मिळवले. यूएएनच्या केवायसीत दाजींनी 2015 मध्ये हेच खातं जोडलं असेल, तर तिथं जुना कोड बसलेला असणार. पुढे कधी पीएफचा पैसा काढायचा झाला की क्लेम मंजूर होऊन पैसा परत फिरतो, आणि माणूस पीएफ ऑफिसशी भांडत बसतो. आधी खातं जागं करा, नवीन कोडसह यूएएनला परत जोडा, मालकाकडून किंवा बँकेकडून ते पक्कं झालेलं बघा.

कॉर्पोरेशन बँकेची खाती युनियनमध्ये गेलीत, विजया बँकेची बडोद्यात, आणि कर्नाटक विकास ग्रामीण बँक मे 2025 पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत. जुनं पासबुक घेऊन बंद झालेल्या पाटीसमोर उभं राहू नका.

टिळकवाडी_४४

`udgam.rbi.org.in` वर नाव टाकलं की सगळी बेवारस खाती दिसतात म्हणे. एवढं फिरायचं कशाला?

चिकोडी_कॅशियर

सगळी नाही. दहा वर्षं कोणी हात न लावलेली, रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेलीच तिथं दिसतात. दाजींचं 2018 चं खातं तिथं दिसणार नाही, पैसे अजून बँकेतच आहेत. ‘उद्गमवर काही नाही’ म्हणजे ‘खातं नाही’ असं नव्हे. खरं कोल्हापूर-गोव्याच्या काळातलं पगाराचं खातं असेल तर नक्की शोधा. नाव दोन्ही स्पेलिंगने, सोबत पॅन किंवा जन्मतारीख. जन्मतारीखही दोन्ही टाकून बघा, खातं उघडताना कुठली दिली होती कुणास ठाऊक. सापडलं तर पैसे बँकेकडूनच मागायचे, दहा वर्षं उलटली म्हणून हक्क जात नाही.

पिग्मीचं मात्र वेगळं. सोसायट्या त्या पोर्टलवर नाहीत आणि ठेव विम्याचं पाच लाखांचं छत्रही त्यांना नाही, ते फक्त बँकांना, त्यात अर्बन को-ऑपरेटिव्ह आल्या. पिग्मी बुकवर नोंदणी क्रमांक असतो. सोसायटी चालू असेल तर बुक घेऊन जा आणि लेजरमधली शिल्लक लिहून मागा, एजंटने वहीत लिहिलेला आकडा आणि लेजर जुळतो का बघा. बंद पडली असेल तर सहकार खात्याच्या ऑफिसात लिक्विडेटर नेमलाय का विचारा, त्याच्याकडे लेखी दावा द्यावा लागतो.

पॉलिसीवाले_काका

पॉलिसी कधीची, किती रकमेची, किती वर्षांची?

खानापूरकर

एक लाखाची, 25 वर्षांची, जून 2006. पगारातून ऑगस्ट 2009 पर्यंत कापली असं दाजी म्हणतात. नंतर एक रुपया भरला नाही. बुडाली ना?

पॉलिसीवाले_काका

बुडाली नाही. तीन वर्षांचे पूर्ण हप्ते गेले असतील तर पॉलिसी पेड-अप होते. जून 2006 ते ऑगस्ट 2009 म्हणजे 39 हप्ते, एकूण 300 पैकी. लाखाचे त्या प्रमाणात 13000, आणि तोवर जमलेला बोनस वर. हे 2031 ला मिळतील. परत चालू करायची मुदत केव्हाच गेली, त्या भानगडीत पडू नका.

आता बारीक गोष्ट. पगार बचत योजनेत कंपनी पगारातून कापते आणि सगळ्यांची एकत्र यादी पाठवते. यादीत पॉलिसी नंबरचा एखादा आकडा चुकला की तो हप्ता अधांतरी राहतो. दाजींचे 39 कापलेत, पण जमा 34 च असतील तर तीन वर्षं भरत नाहीत आणि सगळा खेळ बदलतो. म्हणून शाखेत जाऊन आधी जमा हप्त्यांचा महिनावार उतारा मागा. खड्डा दिसला तर त्या महिन्याची पगार पावती हवी. बेळगावच्या शाखेत अर्ज देऊन पॉलिसी इकडे बदलून घेता येते, खरं खड्ड्याचा निकाल लागेपर्यंत बदलू नका. यादी ज्या शाखेकडे आली तिथंच तो सापडतो. नॉमिनी कोण लावलाय तेही बघा, 2006 ला लग्न झालेलं नसणार.

खानापूरकर

बरोबर, आईचं नाव आहे, आणि त्या आता नाहीत.

खबर देतो. उद्यमबागेची सोडल्याची तारीख कोरीच होती. टाकली, ट्रान्सफर झाली. पण पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य आलंय! पेन्शनचे पैसे गेले कुठं?

हिशोबनीस

कुठं गेले नाहीत. ट्रान्सफरमध्ये पैशाचा डबा हलतो, पेन्शनचा पैसा मुळात एकत्र कुंडात असतो, तुमच्या नावाने वेगळा ठेवलेला नसतो. फक्त वर्षांची नोंद पुढे जाते. `Service History` मध्ये उद्यमबागेची अडीच वर्षं दिसतात ना? मग झालं. जुन्या पासबुकाची पीडीएफ मात्र उतरवून ठेवा.

खानापूरकर

दिसतात. कोल्हापूरचा अर्ज तहसीलदारांच्या सहीने दिला, पोच घेतली. दाखला मराठी शाळेचा असल्याने तिथं भाषेचा प्रश्न आला नाही. जन्मतारीख आधारप्रमाणेच मागितली, दाजींनी ठरवलं.

आता गोव्याची स्लिप. नेमकी शेवटच्या आकड्यांवर घडी आलीय. 312 की 372 कळत नाही.

हिशोबनीस

शेवटचे सात आकडे माणसाचे, त्याआधीचे कंपनीचे. तिथं त्याच काळात काम केलेला कोणी असेल तर त्याच्या स्लिपेवरून कंपनीचा भाग तपासा. मग `Get Details` मध्ये 312 आणि 372 दोन्ही टाकून बघा.

खानापूरकर

312 ला माहिती जुळत नाही म्हणतंय, 372 ला पण तेच. मग पोर्टलवर तक्रार टाकली, `epfigms.gov.in`. उत्तर आलं : 372 वर नाव `Maruti Patil` आहे, रुजू तारीख जुळते, वडिलांच्या नावाची जागा कोरी.

हिशोबनीस

मग 372 तुमचाच. गोव्यालाही जॉइंट डिक्लरेशन लागणार. ती कंपनी चालू आहे का?

खानापूरकर

चालू आहे, नाव बदललंय. उद्या फोन लावतो.